गेटजवळ थांबणारी गाडी

[दृश्य: पत्र्याची शेड. राखाडी पाइपांच्या थप्प्या. रुळांवरून येणारी गाडी.]

जळगावच्या एमआयडीसीतली ही पाइप कारखान्याची शेड. एक्स्ट्रूडरमधून निघालेले पाइप इथे बांधले जातात आणि ही ट्रान्सफर कार ते बाहेरच्या यार्डात नेऊन टाकते. रूळ २१० मीटरचे, वेग सेकंदाला एक मीटर. गाडीवर ड्रायव्हर नाही. कुठे जायचं, कुठे थांबायचं हे तिला पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक सांगतो, वाय-फायवरून.

[दृश्य: गाडी गेटच्या जरा पलीकडे थांबते. तांबडा दिवा.]

आणि ही इथे थांबते. दर फेरीला नाही, चार-पाच फेऱ्यांतून एकदा. पण थांबली की याच खांबापाशी. ऑपरेटर येतो, रीसेट दाबतो, गाडी निघते. "भाऊ, ड्राइव्हच खराब आहे," तो म्हणतो, म्हणजे मोटर चालवणारा डबा. ड्राइव्ह एकदा बदलून झाला आहे. पण जो बिघाड एकाच जागी होतो, तो मोटरीत शोधण्याआधी त्या जागेत शोधावा.

[दृश्य: छताखालचे अ‍ॅक्सेस पॉइंट, एकामागून एक.]

मार्गावर वाय-फाय देणारे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत. दोन शेडमध्ये, एक यार्डात. गाडीवर एक क्लायंट आहे, म्हणजे वाय-फाय घेऊन गाडीतल्या उपकरणांना पुढे देणारा डबा. गाडी पुढे सरकते तसा त्याला एक अ‍ॅक्सेस पॉइंट सोडून दुसरा धरावा लागतो. हेच रोमिंग. आणि कधी सोडायचं, कोणाला धरायचं, हा निर्णय अ‍ॅक्सेस पॉइंटचा नसतो, क्लायंटचा असतो. म्हणून छतावरचे डबे कितीही भारी आणले तरी गाडीवरचा डबा जुन्यालाच चिकटून बसला, तर काही उपयोग नाही.

इथे तेच होतं. शेडमधल्या दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर २० डीबीएमवर ठेवलेली. आवाज मोठा, म्हणून क्लायंटला गेटपर्यंत तो बरा वाटतो. गेट ओलांडलं की मध्ये पत्र्याची भिंत येते आणि तीन मीटरांत सिग्नल उणे ६२ वरून उणे ८४ वर कोसळतो. (आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमजोर.) आता क्लायंटला घाई सुटते. दुसरा कोण आहे म्हणून तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे सगळे चॅनल एकेक करून ऐकत बसतो.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा, जवळून.]

किती वेळ बसतो, ते मोजता येतं. पिंग म्हणजे गाडीला मारलेली 'आहेस का' अशी हाक. साधा पिंग सेकंदाला एकदा जातो, तो इथे फार जाडाभरडा. म्हणून दर २० मिलिसेकंदाला एक पाठवायचा:

```
sudo ping -D -i 0.02 192.168.10.20
```

पडद्यावर `icmp_seq=4117` नंतर थेट `icmp_seq=4178`. मधले ६० गेले. साठ गुणिले २० मिलिसेकंद, म्हणजे १.२ सेकंद गाडीचा पत्ता नव्हता. पीएलसीची सहनशक्ती मात्र २४ मिलिसेकंद: पीएलसी आणि गाडी ज्या प्रोफिनेट नेटवर्कवर बोलतात त्याचा अपडेट टाइम ८ मिलिसेकंद, आणि तीन वेळा उत्तर आलं नाही की उपकरण गेलं असं समजायचं. वायरीसाठी हा हिशोब ठीक आहे. हवेला तो कधीच पुरणार नव्हता.

[दृश्य: हातात लॅपटॉप, रुळांच्या कडेने चालणारा तंत्रज्ञ. खांबांवर खडूचे आकडे.]

आता हे चालणं. कंटाळवाणं दिसतं, पण सगळी दुरुस्ती यातूनच निघाली. क्लायंट गाडीवर जिथे बसतो त्याच उंचीवर धरून, पाच-पाच मीटरवर तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंटचा सिग्नल घ्यायचा आणि खांबावर लिहायचा. एकदा यार्ड रिकामं असताना, एकदा ट्रक लागलेले असताना. पीव्हीसीची थप्पी रेडिओलहरींना फारशी अडवत नाही. ट्रकचा लोखंडी हौदा अडवतो. खडूचे आकडे सांगतात की गेटच्या दोन्ही बाजूंना, जिथे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच वेळी चांगले ऐकू यावेत, तिथे असा पट्टाच नाही.

[दृश्य: सीझर लिफ्टवर माणूस. डबा उतरवला जातो.]

म्हणून शेडमधला दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट उतरवून थेट गेटच्या चौकटीवर, सहा मीटर उंचीवर आणला. तिथून त्याला शेडही दिसते आणि यार्डही. भिंतीमुळे होणारी पडझड आता रोमिंगच्या वाटेत येत नाही. गाडी गेटखालून जाते तेव्हा ती याच डब्यावर असते, आणि बदल होतो तो दोन्हीकडे मोकळ्या जागेत, दहा-बारा मीटरच्या पट्ट्यात. सेकंदाला एक मीटर वेगाने निर्णयाला दहा सेकंद मिळतात.

मग पॉवर २० वरून १४ वर आणली. इथे बहुतेक जण उलटं करतात. अ‍ॅक्सेस पॉइंट ओरडला तरी गाडीवरच्या लहान डब्याचं उत्तर तेवढ्या लांब पोचत नाही. वर लांबचा आवाज मोठा वाटल्याने क्लायंट जवळचा धरत नाही.

[दृश्य: सेटिंगचं पान, बोट चॅनलच्या यादीवर.]

चॅनल ५ गिगाहर्ट्झमधले ३६, ४४ आणि १४९, प्रत्येक डब्याला एक. क्लायंटच्या यादीत हेच तीन ठेवले, बाकी सगळे पुसले. ५२ ते १४४ मधले मुद्दाम टाळले: तिथे रडारसाठी जागा सोडावी लागते, रडार असल्याची शंका आली तरी अ‍ॅक्सेस पॉइंट चॅनल सोडून पळतो, आणि क्लायंटला स्वतः हाक न मारता अ‍ॅक्सेस पॉइंटच्या हाकेची, म्हणजे बीकनची वाट बघत बसावं लागतं. बीकन येतो साधारण १०० मिलिसेकंदांनी. सिग्नल उणे ६५ च्या खाली गेला की शोध सुरू, आणि दुसरा ८ डेसिबलने सरस असेल तरच उडी. हा ८ चा फरक नसला तर क्लायंट दोघांमध्ये झोके घेत राहतो. 802.11r दोन्हीकडे चालू केलं, म्हणजे नव्या डब्याशी ओळखपाळख थोडक्यात उरकते.

[दृश्य: गाडीवरचा अँटेना, जवळून.]

अँटेना मोटर पॅनलच्या आड होता. तो आता खांबावर, वर आहे. आधी त्याला दहा मीटर बारीक केबल गुंडाळून जोडलेली होती; ५ गिगाहर्ट्झला अशी केबल १० डेसिबलच्या आसपास खाते, म्हणजे दहातला एक भाग पोचतो. आता केबल दीड मीटर.

[दृश्य: पीएलसीची स्क्रीन.]

शेवटी पीएलसी. अपडेट टाइम ३२ मिलिसेकंद, सहा वेळा उत्तर आलं नाही तरच उपकरण गेलं: १९२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात गाडी सुमारे २० सेंटिमीटर आंधळी जाते, वर ब्रेकचं अंतर. म्हणून पुढचा बंपर आणि गाडीवरचं इमर्जन्सी बटन तारेने थेट ड्राइव्हला जोडलेलं आहे. त्यांना वाय-फायची वाट बघायची नाही. हातातल्या वायरलेस पॅनलवर इमर्जन्सी बटन असेल तर हा आकडा असा मनाने वाढवता येत नाही, तिथे सेफ्टीचा हिशोब वेगळा होतो.

[दृश्य: भरलेली गाडी गेटखालून जाते. पुन्हा. पुन्हा.]

तीस फेऱ्या, रिकाम्या आणि भरलेल्या. सगळ्यात मोठा खंड चार पिंगचा, ८० मिलिसेकंद. ऑपरेटरचं रीसेटसाठी धावणं आणि ट्रकचं ताटकळणं थांबलं.

[दृश्य: यार्डातला खांब, भर दुपार.]

यार्डातला डबा कंट्रोल रूमपासून शंभर मीटरच्या पलीकडे आहे, त्यामुळे तिथवर नेटवर्कची तांब्याची केबल चालत नाही. फायबर नेलं आणि वीज खांबावरूनच दिली. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या पेटीत डबा तापतो आणि अँटेनाही आत असेल तर सिग्नल पेटीतच राहतो. ही पेटी फायबरग्लासची, पांढरी, छपराखाली. अँटेनाच्या तारेवर वीज पडण्यापासून वाचवणारा अरेस्टर आहे, त्याची अर्थिंग पावसाळ्याआधी मोजतात.

[दृश्य: क्लायंटच्या मागच्या खाचेतलं छोटं कार्ड.]

आणि हे कार्ड. सगळी सेटिंग यात आहेत. क्लायंट जळाला तर रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन ते काढून त्याच मॉडेलच्या नव्या डब्यात घालतो आणि गाडी सुरू करतो.