आठवड्याला एक टायटल

मंडळी, ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गूगलचं सर्च कन्सोल जोडून ठेवलेलं असतं, म्हणजे आपली पानं गूगलच्या निकालात किती दिसतात ते सांगणारं साधन. महिन्या-दोन महिन्यांनी ते उघडायचं, आलेख वर गेलाय की खाली एवढं बघायचं आणि बंद करायचं. त्या आलेखावरून करण्यासारखं काहीच सापडत नाही. म्हणून आज मी फक्त अर्ध्या तासाबद्दल बोलणार आहे. आठवड्यातला एक ठरलेला वार घ्या. त्या दिवशी एका पानाचं टायटल, म्हणजे गूगलच्या निकालात पानाची जी ठळक ओळ दिसते ती, दुरुस्त करायचं, दुसऱ्याला हात लावायचा नाही.

एकच का, हे आधी सांगतो. एका बैठकीत चाळीस टायटलं बदलली आणि महिन्याने क्लिक वाढले, तर कशामुळे वाढले ते कळत नाही. कमी झाले तर जास्तच पंचाईत, कारण परत काय फिरवायचं हेच समजत नाही.

Performance हा अहवाल उघडला की सहसा तीन महिन्यांचे आकडे समोर येतात. ते २८ दिवसांवर आणा. २८ म्हणजे नेमके चार आठवडे, म्हणजे त्यात चार रविवार आणि चार सोमवार येतातच. तीस दिवस घेतले तर कधी शनिवार-रविवार जास्त पडतात आणि उगाच चढउतार दिसतो. वरच्या चार चौकोनांपैकी क्लिक आणि इंप्रेशन हे दोनच आधीपासून चालू असतात. CTR आणि Average position हे दोन्ही चालू करून घ्या. इंप्रेशन म्हणजे तुमचं पान निकालात किती वेळा आलं, CTR म्हणजे त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं, आणि Average position म्हणजे निकालातला सरासरी क्रमांक. शेवटच्या दोन-तीन दिवसांचे आकडे उशिरा येतात, तेव्हा कालचा दिवस पडलेला दिसला तर घाबरू नका.

आता पान कसं निवडायचं? Pages या टॅबवर जा आणि इंप्रेशननुसार क्रम लावा. आपल्याला असं पान हवंय जे लोकांना भरपूर दिसतंय, सरासरी चौथ्या ते बाराव्या क्रमांकाच्या आसपास आहे, पण आपल्याच दुकानातल्या त्याच क्रमांकाच्या इतर पानांपेक्षा ज्याचा CTR कमी आहे. तुलना आपल्याच पानांशी करा. पाचव्या क्रमांकाला इतके टक्के मिळायलाच हवेत असे तक्ते फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. निकालाच्या वर जाहिराती आणि फोटोंची रांग असली की तोच पाचवा क्रमांक स्क्रीनच्या पार खाली जातो. आणि पान तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावर असेल तर ते सरळ सोडा. तिथवर कोणी पोचतच नाही, टायटल कितीही सुरेख लिहा.

समजा, तुमचं बॅगांचं दुकान आहे. एका पानाचं टायटल आहे ‘व्हॉयेजर ३१० ब्लॅक’ आणि पुढे दुकानाचं नाव. २८ दिवसांत २,४०० इंप्रेशन, १९ क्लिक, सरासरी क्रमांक सात. त्या पानावर क्लिक केलं की फिल्टर लागतो. मग Queries टॅबवर या, म्हणजे लोकांनी काय टाइप केलं होतं ते दिसतं. पहिली ओळ ‘पावसात लॅपटॉप बॅग’, ९०० इंप्रेशन, ४ क्लिक. दुसरी ‘१५.६ इंच लॅपटॉप बॅग’, ६०० इंप्रेशन, ६ क्लिक. तिसरी ‘लॅपटॉप बॅगची चेन दुरुस्ती’, ३०० इंप्रेशन, क्लिक शून्य. ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळणार नाही. मोजक्याच लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी लपवतं, तुमचं काही चुकलेलं नाही.

या तीन ओळी नीट वाचा. ‘व्हॉयेजर ३१०’ हे नाव कोणीच शोधत नाहीये. ते तुम्हाला आणि कारखान्याला माहीत. तिसरी ओळ तर सोडूनच द्या, त्या माणसाला बॅग घ्यायचीच नाही, त्याला चेन बसवून हवीय. पण पानाचा एकूण CTR अशाच ओळींमुळे खाली ओढला जातो, म्हणून नुसता पानाचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. पहिल्या दोन ओळींतले गिऱ्हाईक मात्र तुमचेच आहेत. त्यांना पाऊस आणि माप या दोन गोष्टी टायटलमध्ये दिसत नाहीत.

नवं टायटल असं: ‘पावसात टिकणारी लॅपटॉप बॅग, १५.६ इंच – व्हॉयेजर ३१०’. कामाचे शब्द आधी, मॉडेलचं नाव मागे, कारण फोनवर लांब टायटलचं शेपूट कापलं जातं. अक्षरांची ठरलेली मर्यादा नाही, जागेच्या रुंदीवर ते अवलंबून असतं. आणि बॅग फक्त शिंतोडे सहन करत असेल तर ‘पावसात टिकणारी’ लिहू नका, ‘शिंतोड्यांपासून बचाव’ लिहा. नाहीतर क्लिक वाढतील आणि त्यांच्यामागून परत आलेला मालही वाढेल.

बदल करताना एक सांभाळा. काही दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटलच्या खालीच पानाच्या पत्त्याचा रकाना असतो. त्याला हात लावायचा नाही. पत्ता बदलला आणि जुन्यावरून नव्याकडे वळवलं नाही, तर जुना पत्ता बंद पडतो. पानावरचं मोठं शीर्षक मात्र नव्या टायटलशी सुसंगत करून घ्या. गूगल तुम्ही `<title>` मध्ये लिहिलेलंच दाखवेल असं नाही, ते पानावरच्या मुख्य शीर्षकातून किंवा पानाकडे येणाऱ्या लिंकच्या मजकुरातूनही टायटल उचलतं. मग गूगलने पान पुन्हा वाचावं म्हणून सर्च कन्सोलच्या URL Inspection मध्ये पत्ता टाकून Request Indexing दाबा. ती विनंती असते, लगेच अंमल होईल अशी हमी नाही.

शेवटी वहीत एक ओळ: तारीख, पान, जुनं टायटल, नवं टायटल, मुख्य शोध आणि त्याचे त्या दिवसाचे चार आकडे. जुनं टायटल लिहायचा कंटाळा सगळे करतात आणि परत फिरायची वेळ आली की तेच आठवत नाही.

चार-पाच आठवडे उलटले की प्रत्येक अर्ध्या तासाची सुरुवात वहीतल्या जुन्या ओळीने करायची. आधी निकालात प्रत्यक्ष काय दिसतंय ते बघा, गूगलने अजून जुनंच टायटल ठेवलं असेल तर मोजण्यात अर्थ नाही. दिसत असेल तर बदल झाल्यानंतरचे २८ दिवस आधीच्या २८ शी ताडा, पण त्या एका शोधापुरतेच. आपल्या उदाहरणात ‘पावसात लॅपटॉप बॅग’ला ९५० इंप्रेशन, १७ क्लिक आणि क्रमांक सातच्या जवळच असेल, तर टायटलने काम केलं असं म्हणायला हरकत नाही. क्रमांक सातवरून तीनवर गेला असेल तर श्रेय कोणाचं ते सांगता येणार नाही. आणि चाराचे सहा क्लिक झाले असतील तर तो बदलच नाही, एवढ्या लहान आकड्यांत ते सहज इकडेतिकडे होतात. अशा वेळी आणखी चार आठवडे थांबा. पावसाचा हंगाम मधेच सुरू झाला असेल तर गेल्या वर्षीचे तेच आठवडे काढून बघा, सर्च कन्सोल १६ महिने मागचं दाखवतं.

CTR स्पष्ट घसरला, क्रमांक तोच राहिला, तर जुनं टायटल परत लावायचं आणि तेही वहीत नोंदवायचं. तो त्या आठवड्याचा एक बदल धरा, त्या दिवशी दुसरं पान घ्यायचं नाही.