एक बोधचिन्ह आणि चार फाइली

बडोद्याच्या दांडिया बाजारात गणेशोत्सवाची तयारी सुरू झाली की मंडळाचे बोधचिन्ह एकाच आठवड्यात निमंत्रणपत्रिका, फ्लेक्स आणि संकेतस्थळ अशा तीन ठिकाणी लागते. मंडळाच्या चिटणीसांकडे मात्र बहुधा मोबाइलवर आलेली एकच जेपेग फाइल असते.

समजा, ही फाइल ६०० पिक्सेल रुंद आहे. पत्रिकेवर बोधचिन्ह दीड इंच रुंद छापायचे, तर इंचाला ३०० पिक्सेलप्रमाणे ४५० पिक्सेल पुरतात. तेच चिन्ह फ्लेक्सवर पाच फूट, म्हणजे साठ इंच रुंद करायचे झाले, तर इंचाला दहाच पिक्सेल येतात आणि प्रत्येक पिक्सेल सुमारे अडीच मिलिमीटरचा चौकोन होऊन बसतो.

पत्रिकेवर पिक्सेल पुरले, तरी अक्षरांच्या कडांभोवती करडे ठिपके दिसतात. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून त्यांतील बारीक तपशील गाळते. छायाचित्रातील आकाश किंवा चेहरा यांत ते जाणवत नाही, पण पांढऱ्यावरच्या भगव्या वेलांटीची कड लगेच मळकट होते. ही फाइल पुढे पीएनजीमध्ये साठवली, तरी गेलेली कड परत येत नाही. पीएनजी तो मळ जसाच्या तसा जपते. मूळ आरेखनातून थेट काढलेली पीएनजी मात्र कडा स्वच्छ ठेवते आणि पार्श्वभूमी पारदर्शकही ठेवू शकते.

फ्लेक्ससाठी खरी गरज एसव्हीजीची आहे, कारण तिच्यात पिक्सेल नसून रेषांची गणिती वर्णने असतात आणि ती कितीही मोठी केली तरी कड धारदारच राहते. अक्षरांचे आधी आकृतीत रूपांतर करून घ्यावे. नाहीतर छापखान्यातील संगणकावर तो फाँट नसल्यास अक्षरे बदलतात, कधी जोडाक्षरेही मोडतात. आणखी एक फसगत आम्हाला महत्त्वाची वाटते: काही जण जुनी जेपेगच एसव्हीजीच्या वेष्टनात घालून देतात. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. बोधचिन्हाच्या जागी केवळ अशी ओळ दिसली, तर आत रेषा नाहीत, चित्रच आहे.

```
<image href="data:image/jpeg;base64,..."/>
```

आरतीच्या छायाचित्राला जेपेगच योग्य. ४००० बाय ३००० पिक्सेलचे मूळ छायाचित्र इंचाला ३०० पिक्सेलप्रमाणे १३ इंचांहून अधिक रुंद छापता येते. मोबाइलवरून पाठवताना ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे त्याचा आकार घटत नाही. संकेतस्थळावर त्याचीच वेबपी प्रत ठेवली, तर पान लवकर उघडते. छापखान्याला मात्र वेबपी देऊ नये, कारण तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती अनेकदा उघडत नाही.

राहिला रंग. पीएनजी आणि वेबपी पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशात रंग मांडतात, एसव्हीजीही सहसा तसेच करते, तर छपाई चार शाईंची असते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत भगवा कागदावर मंद उतरतो. म्हणून एसव्हीजीवरून शाईचे प्रमाण ठरवलेली पीडीएफ करून घ्यावी आणि छापील नमुना पाहूनच पत्रिकेला मंजुरी द्यावी.