इंजिन ठणठणीत, तरी व्होल्टेज शून्य: बॅटरी लावण्याआधी मीटर लावा

नमस्कार मंडळी. जनरेटर सुरू झालाय. इंजिनचा आवाज स्वच्छ, धूर नाही, ऑइल प्रेशर बरोबर, आणि पॅनेलवरचा व्होल्टमीटर मात्र शून्यावर बसलेला. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "एव्हीआर गेला, बदलून टाका." एव्हीआर म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट. दुसरा, "बॅटरी दाखवा, उठेल." दोन्ही सल्ले कधीकधी लागू पडतात, म्हणून तर ते टिकलेत. पण कुठला कधी लागू पडतो, हे दहा मिनिटांत मीटरने कळतं. आज तेच दाखवतो.

आपण बोलतोय ते थ्री फेज, ब्रशलेस, एव्हीआरवाल्या अल्टरनेटरबद्दल. चार पोल, 1500 आरपीएम, 50 हर्ट्झ. छोट्या पोर्टेबल कपॅसिटरवाल्या सेटची गोष्ट वेगळी आहे, ती यात मिसळत नाही.

आधी आत काय चालतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

[फळ्यावर साखळी काढत]

एव्हीआर थोडासा डीसी करंट एक्सायटरच्या, म्हणजे त्याच शाफ्टवरच्या छोट्या जनरेटरच्या, स्टेटरला देतो. ही फिल्ड कॉइल जागेवरच असते, फिरत नाही. तिच्यात एक्सायटरचा रोटर फिरतो आणि त्यात एसी तयार होते. शाफ्टवर बसवलेले सहा डायोड त्या एसीची डीसी करतात. ती डीसी मेन रोटरला मिळते, मेन रोटर मोठा चुंबक बनतो, आणि मेन स्टेटरमधून आपल्याला 415 व्होल्ट मिळतात. आता प्रश्न असा, की एव्हीआरला स्वतःला वीज कुठून मिळते? तर त्याच मेन स्टेटरमधून. म्हणजे आउटपुट आलं की एव्हीआर चालणार, आणि एव्हीआर चालला की आउटपुट येणार. मग सुरुवात करायची कोणी?

सुरुवात करतं ते लोखंड. मागच्या वेळी सेट बंद केला तेव्हा एक्सायटरच्या आणि मेन रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. यालाच रेसिड्युअल मॅग्नेटिझम म्हणतात. पाण्याचा पंप कोरडा फिरवला तर पाणी उचलत नाही, आधी त्याच्यात थोडं पाणी भरावं लागतं, तसंच हे आहे. त्या उरलेल्या चुंबकत्वातून एव्हीआरच्या टर्मिनलवर थोडे व्होल्ट येतात. बऱ्याच एव्हीआरना जागं व्हायला साधारण 5 व्होल्ट लागतात. तेवढे मिळाले की तो फिल्डला करंट देतो, व्होल्टेज वाढतं, तो आणखी करंट देतो, आणि एक-दोन सेकंदांत सेट पूर्ण व्होल्टेजवर येतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजची खरी गंमत तिच्यातच आहे. एव्हीआर जो करंट देतो, त्याची दिशा उरलेल्या चुंबकत्वाच्या दिशेलाच असायला हवी. दिशा उलटी असेल तर तो चुंबकत्व वाढवत नाही, पुसतो.

आता तपासणी. मेन ब्रेकर ऑफ, सेट बंद. एव्हीआरकडून फिल्डला जाणाऱ्या दोन वायरी काढा. कुठे त्यांना एफ-प्लस आणि एफ-मायनस लिहिलेलं असतं, कुठे एक्स आणि डबल एक्स. एव्हीआरच्या सेन्सिंगच्या वायरीही काढा आणि सगळ्या टोकांना टेप लावा. काढण्याआधी फोटो घ्या. हे मी सवयीने सांगत नाहीये, का ते पुढे कळेल.

फिल्ड कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. या आकाराच्या बऱ्याच मशीनला तो 20 ओहमच्या आसपास असतो, तुमच्या मशीनचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल किंवा वायर तुटलेली आहे, आणि मग चुंबकत्वाचा विचार करायचं कारणच उरत नाही. बॉडीला लागलेली नाही ना, तेही बघा.

आता इंजिन चालू करा, 1500 आरपीएमवर. पॅनेलचा फ्रिक्वेन्सी मीटर इथे उपयोगाचा नाही, कारण त्याला चालायला व्होल्टेज लागतं. टॅकोमीटर लावा. आवाजावरून स्पीड ओळखतो म्हणणारे मला भरपूर भेटलेत. टॅकोमीटरवर तो 1300 निघालेलाही पाहिलाय.

मेन टर्मिनलवर फेज ते फेज व्होल्टेज मोजा. एव्हीआर जोडलेला नाही, फिल्डला काही दिलेलं नाही, म्हणजे जे दिसतंय ते निव्वळ उरलेल्या चुंबकत्वाचं. दहा-पंधरा व्होल्ट दिसले तर चुंबकत्व जिवंत आहे. एक-दीड व्होल्ट दिसले तर ते गेलं आहे, किंवा मधली साखळी कुठेतरी तुटली आहे. आकडा कागदावर लिहून ठेवा.

पुढची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची. सेट बंद करा. एक वेगळी 12 व्होल्टची बॅटरी घ्या. सेटची स्टार्टिंग बॅटरी 24 व्होल्टची असेल तर ती वापरू नका, फिल्डला दुप्पट करंट जाईल आणि आउटपुट धोक्याच्या पातळीवर जाईल. बॅटरीचा प्लस फिल्डच्या प्लसला, मायनस मायनसला, मध्ये एक अँमीटर. एव्हीआर पूर्ण सुटलेला आहे ना, पुन्हा बघा. जोडलेल्या एव्हीआरवर बॅटरी लावून एव्हीआर जाळल्याचे प्रकार कमी नाहीत. 20 ओहमच्या फिल्डला 12 व्होल्ट दिले तर 0.6 अँपिअर जायला हवा. लोड न जोडता सेट पूर्ण स्पीडवर आणा.

चांगल्या मशीनमध्ये एवढ्या करंटवर आउटपुट जवळजवळ पूर्ण येतं, साधारण दहा टक्के इकडे-तिकडे. लक्षात घ्या, आता टर्मिनलवर खरे चारशे व्होल्ट आहेत आणि त्यांना आवरायला एव्हीआर नाही. हात लांब ठेवा.

तिन्ही फेज सारखे आणि जवळपास पूर्ण आले, तर एक्सायटर, डायोड, रोटर, स्टेटर हे सगळं ठीक. दोष एव्हीआरमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा चुंबकत्वात. तिन्ही सारखे पण फार कमी आले, समजा दीडशे-दोनशे, तर फिरत्या भागावर संशय घ्या: शॉर्ट डायोड, डायोडना जादा व्होल्टेजपासून वाचवणारा शेजारचा व्हॅरिस्टर शॉर्ट, किंवा रोटर वाइंडिंग. तिन्ही फेजमध्ये मोठी तफावत दिसली, तर मेन स्टेटरचं वाइंडिंग. तिथे सेट जास्त वेळ चालवू नका.

डायोड तपासताना एक चूक सर्रास होते. डायोड जागेवरच असताना मीटर लावतात. मेन रोटरचा रेझिस्टन्स एक-दोन ओहमच असतो, आणि एक्सायटरच्या वाइंडिंगचाही कमीच. त्यामुळे मीटरला दुसरी वाट मिळते आणि चांगला डायोडही शॉर्ट वाटतो. डायोडची लवचिक वायर सोडवा, मग मोजा. एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा, उलट दिशेने काहीच नाही. व्हॅरिस्टरचंही एक टोक सोडा. तो शून्याजवळ दाखवत असेल तर शॉर्ट आहे. आणि ओपन डायोडमुळे सेट सहसा पूर्ण मरत नाही. रिकामा चालताना ठीक वाटतो आणि लोड टाकल्यावर व्होल्टेज पडतं. त्यामुळे पूर्ण शून्य असताना आधी शॉर्टच्या मागे लागा.

आता मी स्वतः अडकलो ती केस. एक सेट, काही महिने बंद होता. सुरू केल्यावर व्होल्टेज नाही. कोणीतरी नवीन एव्हीआर बसवला, तरी नाही. मग फ्लॅशिंग केलं, म्हणजे फिल्डला क्षणभर बॅटरी लावून चुंबकत्व परत भरलं, तरी नाही. मला सांगितलं, "रोटर गेलाय, उतरवावा लागेल."

मी एव्हीआर सोडवून रेसिड्युअल मोजला: 14 व्होल्ट. म्हणजे फ्लॅशिंग लागू पडलं होतं. 12 व्होल्टची टेस्ट केली: 400 व्होल्ट, तिन्ही फेज सारखे. रोटर निर्दोष सुटला. मशीन चांगलं, चुंबकत्व चांगलं, एव्हीआर कोरा. मग अडतंय कुठे?

एव्हीआर परत जोडला, सेट चालू केला आणि तोच आकडा पुन्हा मोजला. 14 चे 5 झाले होते.

[इथे थांबून मीटरच्या दोन रीडिंग शेजारी-शेजारी]

जो एव्हीआर व्होल्टेज वाढवायला बसवलाय, तो ते कमी करत होता. म्हणजे एव्हीआर मेलेला नव्हता, जागा होता. 14 व्होल्ट मिळाल्यावर करंट देत होता, पण उलट्या दिशेने. त्यामुळे चुंबकत्व कमी होई, व्होल्टेज 5 पर्यंत येई, मग एव्हीआरला जागं राहायलाच पुरत नसे आणि गाडं तिथेच अडकून बसे. नवीन एव्हीआर बसवताना फिल्डच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या. फोटो घ्या म्हणालो ते यासाठी. फ्लॅशिंग करणाऱ्याने वायरीवरच्या खुणा बघून बरोबर दिशेला केलं, आणि जोडणी उलटी असल्याने एव्हीआरने दर वेळी त्याच्यावर पाणी फिरवलं. दोन वायरी पालटल्या, सेट दोन सेकंदांत 415 वर.

मूळ कारण बहुधा हेच, की बंद राहून चुंबकत्व गेलं होतं आणि पहिला एव्हीआर चांगला होता. तो तपासायला मिळाला नाही, कोणीतरी तोपर्यंत फेकला होता.

रेसिड्युअल खरंच गेलेला असेल आणि फ्लॅशिंग करायचंच असेल, तर ते सेट बंद ठेवून करा. एव्हीआरपासून सोडवलेल्या फिल्डला 12 व्होल्ट, प्लस प्लसला, दोन-तीन सेकंद. तेवढं पुरतं. काढताना ठिणगी उडते, कारण कॉइल करंट एकदम सोडायला तयार नसते, म्हणून क्लिप बॅटरीच्या टोकावरून न काढता फिल्डच्या बाजूने काढा. बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. मग 1500 वर चालवून रेसिड्युअल पुन्हा मोजा, एव्हीआर जोडा, पुन्हा मोजा.

आणि ज्यांच्या अल्टरनेटरच्या मागे पीएमजी, म्हणजे कायमच्या चुंबकाचा छोटा जनरेटर आहे, त्यांनी फ्लॅशिंगच्या नादी लागू नका. तिथे एव्हीआरला वीज त्या चुंबकातून मिळते, रेसिड्युअलवर सुरुवात अवलंबून नसते. आधी पीएमजीच्या वायरींवर व्होल्टेज येतंय का ते मोजा. नसेल तर शोध तिथूनच सुरू होतो.