चौकोनी चित्रात वस्तूभोवती किती जागा सोडावी

मित्रहो, छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू शाली असोत, पैठणी असोत किंवा पितळी समया असोत, आपल्यापैकी अनेकांचा माल आता दुकानाच्या फळीइतकाच मोबाइलच्या पडद्यावरही मांडला जातो. त्या पडद्यावर आपल्याला एक लहानसा चौकोन मिळतो, आणि गिऱ्हाइकाने बोट लावले की तेच चित्र मोठे होऊन दिसते. या दोन्ही कामांसाठी फोटो कापताना वस्तूच्या कडेपासून चौकटीच्या कडेपर्यंत किती मोकळी जागा ठेवायची, एवढ्याच प्रश्नावर आज मी बोलणार आहे.

लहान चौकोनासाठी फोटो घट्ट कापावा आणि झूमसाठी सैल ठेवावा, अशी एक समजूत सर्रास आढळते. माझ्या मते ती चुकीची आहे. घट्ट कापलेला फोटो दोन्हीकडे फायद्याचा असतो आणि मोकळी जागा लागते ती केवळ संरक्षणासाठी. हे एका हिमरू शालीवरून पाहू. शालीची घडी 40 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच आहे, आणि आपली चौकोनी फाइल 2000 बाय 2000 पिक्सेलची आहे, असे धरू. घडीने रुंदीचा 85 टक्के भाग व्यापला, तर तिच्या वाट्याला 1700 पिक्सेल येतात, म्हणजे दोन सेंटिमीटरच्या बुट्टीला 85. तीच घडी 60 टक्क्यांवर ठेवली, तर बुट्टीला 60 पिक्सेलच उरतात. कॅमेरा कितीही चांगला असला तरी फाइलचा आकार ठरलेला असल्यामुळे बुट्टीचा तपशील पांढऱ्या जागेने खाल्लेला असतो. यादीतला चौकोन 160 पिक्सेलचा असेल, तर तिथे शालीची रुंदी पहिल्या स्थितीत 136 आणि दुसऱ्या स्थितीत 96 पिक्सेल भरते.

झूममध्ये सैल कापणीचा आणखी एक तोटा दिसतो, आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. झूमची खिडकी 500 पिक्सेलची असेल आणि चित्र मूळ आकारात दिसत असेल, तर गिऱ्हाईक एका वेळी चित्राच्या रुंदीचा चौथा हिस्सा पाहत असते. चारही बाजूंनी 25 टक्के जागा सोडलेली असेल, तर चित्राच्या कोपऱ्यावर बोट नेल्यावर संपूर्ण खिडकी कोरी दिसते आणि चित्र उघडलेच नाही असे वाटते. साडेसात टक्के जागा असेल, तर त्याच कोपऱ्यात 150 पिक्सेलचा पांढरा पट्टा दिसतो आणि त्याला लागून शालीची कड येते.

हे साडेसात टक्के कुठून आले, ते सांगतो. ॲमेझॉनच्या मुख्य चित्राच्या नियमानुसार वस्तूने चौकटीचा 85 टक्के किंवा त्याहून अधिक भाग व्यापला पाहिजे, पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी आणि वस्तू चौकटीने कापली जाता कामा नये. 85 सोडून उरलेले 15 टक्के दोन बाजूंना वाटले की प्रत्येकी साडेसात येतात. गूगलच्या खरेदी यादीसाठी 75 ते 90 टक्क्यांची शिफारस आहे. लांबट वस्तूच्या बाबतीत हा आकडा मी वस्तूच्या लांब बाजूवर मोजतो, कारण क्षेत्रफळावर तो गाठताच येत नाही. उंचीच्या एक तृतीयांश रुंदीची समई उंचीत 85 टक्के भरली, तरी ती चौकोनाच्या क्षेत्रफळाचा जेमतेम पाव हिस्सा व्यापते. म्हणून घडी केलेल्या शालीला मी 85 टक्क्यांवर ठेवतो, समईसारख्या उभ्या वस्तूला 90 टक्क्यांपर्यंत जाऊ देतो, आणि नियम आड येत नसेल तर जवळजवळ चौरस डब्याला 80 वर आणतो. यादीत शेजारीशेजारी आल्यावर डबा अंगावर आल्यासारखा वाटू नये आणि समई काडीसारखी दिसू नये, यासाठी हा फरक लागतो.

आता पाच टक्क्यांहून घट्ट का जाऊ नये, याचे कारण ऐका. उभा फोटो देणारी बरीच मंडळी 1600 बाय 2000 ची फाइल चढवतात. यादीच्या पानावर तो चौकोनात बसवताना काही ठिकाणी चित्र पूर्ण दाखवून बाजूला जागा सोडतात, तर काही ठिकाणी चौकोन भरून उरलेले कापून टाकतात. दुसऱ्या पद्धतीत वरून आणि खालून 200-200 पिक्सेल जातात. आपण समईच्या वर 150 पिक्सेल सोडले असतील, तर तिच्या शिखराचे 50 पिक्सेल उडाले म्हणून समजा, आणि खालच्या बैठकीचेही तेवढेच. म्हणून फाइल आपणच चौकोनी करून द्यावी. शिवाय सवलतीची पट्टी आणि आवडीचे हृदयचिन्ह कोपऱ्यात बसते, चौकटीचे कोपरे गोल केलेले असतात. शालीची घडी कोपऱ्यापर्यंत गेली, तर नेमका काठच त्याखाली झाकला जातो.

कापणी प्रोग्रामकडून करून घेणाऱ्यांनी इथे विशेष जपावे. ImageMagick या प्रोग्रामची ही आज्ञा पांढरी जागा काढते, वस्तू 1700 मध्ये बसवते आणि भोवती जागा भरून 2000 चा चौकोन देते:

```
magick shal.jpg -fuzz 3% -trim +repage -resize "1700x1700>" -background white -gravity center -extent 2000x2000 shal-2000.jpg
```

यात `-fuzz` चा आकडा म्हणजे पांढऱ्याच्या किती जवळचा रंग पांढरा मानायचा, ते. आकडा फार कमी ठेवला, तर शालीखालची पुसट सावलीसुद्धा वस्तूचा भाग धरली जाते. मग मध्य सावलीसह काढला जातो आणि शाल चौकटीत वर सरकलेली दिसते. आकडा वाढवला, तर सावलीबरोबर फिक्या रंगाच्या दशाही पांढऱ्यात जमा होतात आणि त्यांची टोके कापली जातात. फिक्या दशांच्या शालींना एकच आकडा सरसकट लावणे मला पटत नाही. अशा शाली हाताने कापाव्यात किंवा मुळात राखाडी कागदावर टिपून पार्श्वभूमी नंतर पांढरी करावी. कड कुठे संपते याची शंका आल्यास फोटो संपादनात चित्र बरेच गडद करून पाहावे. पांढऱ्यात हरवलेल्या दशा तेव्हा करड्या रेषांसारख्या उमटतात.

आज्ञेतील `>` या खुणेचा अर्थ असा की लहान चित्र ताणून मोठे करायचे नाही. समजा कापून उरलेली शाल 900 पिक्सेलचीच निघाली, तर ती 2000 च्या चौकोनात लहान दिसेल, आणि ते दिसणे उपयोगाचे आहे, कारण फोटो पुन्हा काढावा लागेल हे तिथेच कळते. ताणून मोठी केली असती, तर यादीत ठीक दिसली असती आणि झूम केल्यावर धूसर. समई कॅमेरा आडवा धरून टिपली की तिलाही पिक्सेल कमी मिळतात. 6000 बाय 4000 च्या कॅमेऱ्यात आडव्या चौकटीत तिला उंचीचे 4000 पिक्सेलही पूर्ण मिळत नाहीत, तर उभ्या चौकटीत 5000 सहज मिळतात. टिपताना मात्र भोवती भरपूर जागा सोडावी. घट्टपणा नंतर आणता येतो, पण कापली गेलेली दशा परत येत नाही.

जवळून दाखवण्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या चित्राला हा हिशोब लागू नाही. तिथे वीण चौकट भरून कडांपलीकडे जाऊ द्यावी. वाईट दिसते ते अधांतरी कापलेले, म्हणजे बुट्टीची टोके चौकटीला जेमतेम शिवतात असे चित्र. एक तर बुट्टी पुरती आत घ्यावी, नाहीतर ती मधोमध स्पष्ट कापावी.

शेवटी एक तपासणी सांगतो. तयार चौकोन 160 पिक्सेलचा करून आपल्याच यादीतील इतर चार वस्तूंच्या चौकोनांमध्ये ठेवावा, आणि तो पांढऱ्या पानावर व फिक्या राखाडी पानावर असा दोनदा पाहावा. पांढऱ्या पानावर चौकटीची कड दिसतच नाही. शेजारच्या दोन चौकोनांची बारा-बारा पिक्सेलची जागा आणि त्यांच्यामधली आठ पिक्सेलची फट मिळून वस्तूंत 32 पिक्सेलचे अंतर दिसते. राखाडी पानावर तीच बारा पिक्सेलची जागा वस्तूभोवतीचा पट्टा म्हणून वेगळी उठून दिसते, आणि ती वरखाली सारखी नसेल तर लगेच खटकते.