पगाराच्या स्लिपवरची प्रवास सवलत: साठ हजारांतले किती करमुक्त?

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर पगाराची स्लिप, रेल्वेची तिकिटं आणि हॉटेलचं बिल.)

जानेवारी 2026. पुण्यातल्या एका कारखान्यात काम करणारे एक इंजिनिअर कागद लावत बसले आहेत. कंपनीने करबचतीचे पुरावे मागितलेत. स्लिपवर दरमहा पाच हजार रुपये 'एल.टी.ए.', म्हणजे रजेतल्या प्रवासाचा भत्ता, दिसतात. वर्षाचे साठ हजार. मे महिन्यात ते रजा घेऊन बायको आणि दोन मुलांसह कन्याकुमारीला जाऊन आले. खर्च झाला एक लाख पंधरा हजार. "खर्च साठ हजारांच्या वर गेलाय, म्हणजे सगळे साठ हजार माफ," असं त्यांनी धरलं होतं.

पण या सवलतीत सहलीचा खर्च धरतच नाहीत. धरतात फक्त प्रवासभाडं, आणि तेही भारतातल्या प्रवासाचं.

(दृश्य: तिकिटाचा क्लोज-अप. बोट भाड्याच्या आकड्यावर.)

चौघांचं जाण्या-येण्याचं सेकंड एसीचं भाडं झालं 22,800 रुपये. तेवढेच करमुक्त. हॉटेल, जेवण, तिथली टॅक्सी, विवेकानंद स्मारकाची बोट, यातला एक रुपयाही धरला जात नाही. उरलेले 37,200 रुपये पगारातच मोजले जातात. तीस टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर धरला, तर साधारण 11,600 रुपये कर. पुरावे द्यायच्या आधी हा हिशेब केला, तर फेब्रुवारी-मार्चचा पगार अचानक कमी आल्याचा धक्का बसत नाही.

भाड्यालाही मर्यादा आहे. रेल्वेने गेलात तर जवळच्या मार्गाचं फर्स्ट एसीचं भाडं, विमानाने गेलात तर जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी भाडं. तुमचा खर्च त्याहून कमी असेल, तर जेवढा झाला तेवढाच. मार्ग लांबवून फायदा होत नाही. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी भारतातल्या प्रवासाला परदेशाचा टप्पा जोडला होता. दिल्लीहून मदुराई, पुढे कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर आणि परत दिल्ली. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा प्रवासाला ही सवलत नाही, आणि बँकेने कर कापायलाच हवा होता.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर.)

वर्षांची गणनाही नीट समजून घ्यायला हवी. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवास मिळतात. 2022 ते 2025 हा गट नुकताच संपला. या कुटुंबाचा त्यातला एकच प्रवास झाला. राहिलेला एक प्रवास पुढच्या गटाच्या पहिल्या वर्षात, म्हणजे 2026 मध्ये करता येतो, आणि तो नव्या गटाच्या दोनमध्ये मोजला जात नाही. बरेच जण 'गेला तो गेला' म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता स्लिपवरची खालची ओळ. मुलांचा शिक्षण भत्ता, दरमहा दोन हजार. वर्षाचे 24,000. इथे 2025-26 साठी माफी आहे ती एका मुलामागे महिना शंभर रुपये, जास्तीत जास्त दोन मुलांसाठी. दोघांचे मिळून वर्षाला 2,400. बाकी 21,600 वर कर. शाळेची ट्यूशन फी मात्र कलम 80सीमध्ये वेगळी धरता येते, ती या भत्त्यात मिसळू नका. आणि कन्व्हेयन्स? घर ते ऑफिस प्रवासाची महिना सोळाशेची माफी 2018-19 पासून बंद आहे. ठरावीक अपंगत्व असलेल्या कर्मचाऱ्यांना मात्र ती महिना 3,200 पर्यंत मिळते.

अपंगत्वाची ही माफी सोडली, तर हे सगळं जुन्या करपद्धतीतलं. नव्या पद्धतीत प्रवास सवलतही नाही आणि शिक्षण भत्त्याची माफीही नाही. 2025-26 मध्ये पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या पद्धतीत कर शून्यच येतो. अशा माणसाने तिकिटं शोधण्यात वेळ घालवू नये. आपल्या इंजिनिअरांचं तसं नव्हतं. घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, विमा मिळून त्यांच्या वजावटी मोठ्या होत्या, म्हणून त्यांनी जुनी पद्धत घेतली होती.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यामुळे हे आकडे 2025-26 पुरतेच धरा.

(दृश्य: हॉटेलचं बिल बाजूला सरकतं. तिकिटं, रजेचा अर्ज आणि फॉर्म 12बीबी एका क्लिपमध्ये.)

फॉर्मवर प्रवास सवलतीच्या रकान्यात त्यांनी आधी 60,000 लिहिलं होतं. ते खोडून 22,800 लिहिलं, खाली सही केली.