सेलवर लिहिलेला आकडा

(दृश्य: खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. टेबलावर कंडक्टिव्हिटी मीटर, दोन बीकर, थर्मामीटर.)

मे महिन्यातली दुपार आहे. पाणी-माती तपासणीच्या या प्रयोगशाळेत थर्मामीटर 30 अंश दाखवतोय. डावीकडच्या बीकरमध्ये शिरोळ तालुक्यातल्या एका विहिरीचं पाणी आहे. हा कृष्णा-पंचगंगेकाठचा ऊसपट्टा, इथे क्षारपड जमिनीची दुखणी जुनी आहेत. विहिरीच्या मालकाला एवढंच विचारायचंय, की हे पाणी उसाला देऊ का?

पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज जाते, म्हणून आपण पाण्याची वाहकता मोजणार. मीटरला जोडून पाण्यात बुडवायचा, ती मोजणारा सेल हा असा दिसतो.

(दृश्य: सेल अगदी जवळून. काचेच्या नळीत समोरासमोर दोन काळे पत्रे.)

दोन प्लॅटिनमचे पत्रे आहेत, त्यांच्यावर प्लॅटिनमचाच बारीक काळा थर. काचेवर कारखान्यात लिहिलेला आकडा आहे 1.0. हा सेल स्थिरांक, मीटरवरच्या आकड्याला याने गुणलं की पाण्याची खरी वाहकता मिळते. पत्र्यांमधलं अंतर भागिले पत्र्याचं क्षेत्रफळ, अशी त्याची पुस्तकातली व्याख्या आहे. पण पट्टी लावून तो मोजता येत नाही, कारण वीज पत्र्यांच्या मधून सरळ जातेच, शिवाय कडांबाहेरूनही वळसा घेऊन जाते. त्यात वापरता वापरता काळा थर झिजतो, पत्रा जरासा वाकतो, आणि काचेवरचा आकडा मात्र तसाच राहतो. म्हणून ज्याची वाहकता आधीपासून माहीत आहे असं द्रावण या सेलमध्ये घालायचं आणि स्थिरांक उलटा काढायचा. त्यासाठी पोटॅशियम क्लोराईड.

(दृश्य: डेसिकेटरचं झाकण सरकतं. तराजूवर पांढरी पूड.)

हे मीठ 105 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये गार केलंय. 0.7455 ग्रॅम तोलून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून, एक लिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलं, की 0.01 मोलरचं द्रावण तयार होतं. यात घाई करू नये ती पाण्याच्या बाबतीत. चांगल्या डिस्टिल्ड वॉटरची स्वतःची वाहकता एक-दोन मायक्रोसिमेन्स असते, ती इथे खिजगणतीत नाही. पण कॅनमध्ये आठवडाभर उघडं पडलेलं, वीसेक मायक्रोसिमेन्सचं पाणी घेतलं, तर प्रमाण द्रावण सुरुवातीलाच दीड टक्क्याने चुकलेलं असतं.

सेल याच द्रावणाने दोन-तीनदा विसळून घ्यायचा, आणि विसळलेलं फेकून द्यायचं. पत्रे टिश्यूने पुसायचे नाहीत, काळा थर निघून येतो.

आता सेल बुडवला. मीटरचं तापमान-समायोजन, म्हणजे मोजलेला आकडा आपोआप 25 अंशांवर आणून दाखवण्याची सोय, मुद्दाम बंद ठेवलंय. आकडा दिसतोय 1.46 मिलीसिमेन्स.

(दृश्य: पत्र्याच्या कडेला चिकटलेला छोटा बुडबुडा.)

जरा थांबा. डाव्या पत्र्याच्या खालच्या कडेला पाहा. मोहरीएवढा बुडबुडा बसलाय. जेवढा पत्रा तो झाकतो, तेवढ्यातून वीज जात नाही आणि वाहकता कमी दिसते. सेलला बोटाने हलकीच टिचकी मारली, वरखाली केला, आणि बुडबुडा सुटला. आकडा चढला, 1.50 वर थांबला. पुन्हा बाहेर काढून बुडवला, 1.50. तिसऱ्यांदाही 1.50. तीन वेळा तोच आकडा आल्याशिवाय मी वहीत काही लिहीत नाही.

थर्मामीटर याच बीकरमध्ये आहे, भिंतीवरचा नाही. तो सांगतोय 30 अंश.

आता तक्त्याकडे. 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराईडची विशिष्ट वाहकता 20 अंशांना 1.278, 25 अंशांना 1.413 आणि 30 अंशांना 1.552 मिलीसिमेन्स प्रति सेंटीमीटर असते. बाटलीवर मात्र मोठ्या अक्षरात फक्त 1413 मायक्रोसिमेन्स छापलेलं असतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात 25 अंश. सगळा घोळ या बारीक अक्षरात आहे.

आपलं द्रावण 30 अंशांचं आहे, म्हणून आपला आकडा 1.552.

(पडद्यावर)

```
K = 1.552 / 1.50 = 1.035
```

आता विहिरीचं पाणी. सेल आधी डिस्टिल्ड वॉटरने, मग त्याच पाण्याने विसळला. मीटरवर 0.860. स्थिरांकाने गुणलं, 0.890. पण ही 30 अंशांची वाहकता झाली, आणि सिंचनाच्या पाण्याची प्रतवारी 25 अंशांवर होते. तापमान वाढलं की पाण्याचा दाटपणा कमी होतो, आयन मोकळे पळतात. साध्या विहिरी-नदीच्या पाण्यात हा फरक अंशामागे साधारण 1.9 टक्के धरतात. पाच अंशांचे साडेनऊ टक्के.

(पडद्यावर)

```
0.890 / (1 + 0.019 × 5) = 0.813 mS/cm
```

प्रतवारीत 0.75 च्या वर गेलं की पाणी जास्त क्षारतेच्या गटात जातं. हे पाणी त्या गटात आहे. निचऱ्याची सोय नसेल, तर असं पाणी काळ्या जमिनीला सतत देता येत नाही.

आता हेच काम चुकीच्या रीतीने करून पाहू, कारण ही चूक मी पुष्कळ वेळा पाहिली आहे आणि ती पटकन सापडत नाही.

समजा, समायोजन बंदच आहे आणि आपण बाटलीवरचा 1.413 धरला. स्थिरांक येतो 0.942, खऱ्यापेक्षा नऊ टक्के कमी. त्याने विहिरीचं पाणी मोजलं, तर 0.860 गुणिले 0.942, म्हणजे 0.810. बरोबर उत्तर होतं 0.813! मीठ आणि पाणी दोन्ही 30 अंशांवर होती, दोन्हींची वाहकता जवळजवळ सारख्या प्रमाणात वाढली होती, त्यामुळे एका चुकीने दुसरी झाकली. कोणाला शंकाही येत नाही, आणि सेलवरच्या चिकटपट्टीवर 0.942 लिहिलं जातं.

(दृश्य: तेच टेबल. खिडकीबाहेर धुकं. थर्मामीटर 20 अंश.)

डिसेंबरची सकाळ. क्षार तेवढेच असलेलं तसंच पाणी. आता मीटर 0.711 दाखवतो. चिकटपट्टीवरच्या 0.942 ने गुणलं तर 0.670. समायोजन करून 25 अंशांवर आणलं, तरी 0.740 च. दोन्ही आकडे 0.75 च्या खाली, म्हणजे तेच पाणी आता मध्यम क्षारतेच्या गटात बसलं. शेतकऱ्याला वाटतं, विहिरीचे क्षार उतरले. खरं तर उतरलं होतं फक्त तापमान. 1.035 घेतला असता, तर आजही उत्तर 0.813 च आलं असतं.

मीटरला स्वयंचलित समायोजन असेल, तर ते चालू ठेवून स्थिरांक काढता येतो. मग मीटर स्वतःच सगळं 25 अंशांवर आणून दाखवतो, आणि तेव्हा 1.413 हाच आकडा योग्य. समायोजन चालू ठेवून 1.552 धरला, की चूक उलट्या दिशेला जाते, स्थिरांक दहा टक्क्यांनी फुगतो. म्हणून मीठ मोजण्याआधी मीटरवरची ती खूण पाहून घ्यायची, आणि वहीत समायोजन चालू की बंद हे लिहायचं.

अंशामागे 1.9 टक्क्यांचा हा हिशेब मात्र सगळीकडे लावू नका. आम्लाच्या द्रावणात अंशामागची वाढ कमी असते, अतिशुद्ध पाण्यात ती पाच टक्क्यांच्या आसपास जाते. नमुना 25 अंशांपासून फार लांब असेल, तर सरळ तो बीकर 25 अंशांच्या पाण्याच्या टबात ठेवावा आणि तिथेच मोजावं.

(दृश्य: सेलवरची जुनी चिकटपट्टी सोलली जाते. नवी लावून पेनने लिहिलं जातं.)

1.035. पोटॅशियम क्लोराईड 0.01 मोलर, 30 अंश, समायोजन बंद. आणि आजची तारीख.