पासास नापास किती?

गवंडी वाळू-सिमेंट कालवतो तेव्हा प्रमाण सांगतो, ‘एकास चार’. एक पाटी सिमेंट, चार पाट्या वाळू. त्या मालात सिमेंट किती? चौथा हिस्सा म्हणाल तर चुकलं. एकूण पाट्या पाच, म्हणून सिमेंट पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के. आज मला लॉजिस्टिक रिग्रेशनबद्दल, म्हणजे हो-नाही अशा उत्तराची शक्यता काढण्याच्या पद्धतीबद्दल, सांगायचंय ते सगळं या दोन बोलण्यांतल्या फरकावर उभं आहे. ‘पाचात एक’ ही संभाव्यता, आणि ‘एकास चार’ हे ऑड्स.

आता परीक्षेकडे येऊ. उत्तर दोनच प्रकारचं असतं, पास किंवा नापास. पासला १ आणि नापासला ० धरून, रोजच्या अभ्यासाच्या तासांवरून सरळ रेषा काढली, तर दहा तासांपाशी ती १.२ सांगेल. शंभरातले एकशेवीस पास! रेषेला ० आणि १ची कुंपणं कळतच नाहीत. लॉजिस्टिक रिग्रेशन संभाव्यतेऐवजी ऑड्सना धरतं आणि म्हणतं की दर तासामागे बेरीज नको, गुणाकार करा.

फळ्यावर करून बघू. आकडे माझेच, समजायला सोपे घेतलेत. समजा काहीच अभ्यास न करणाऱ्यांत पासास नापास हे प्रमाण एकास सोळा आहे, आणि रोजच्या प्रत्येक जादा तासाला ऑड्स दुप्पट होतात. एका तासाला एकास आठ, दोन तासांना एकास चार, तीनला एकास दोन, चारला एकास एक. पुढे पाचला दोनास एक, सहाला चारास एक, आठला सोळास एक.

हेच टक्क्यांत मांडा. शून्य तासांना जेमतेम ६ टक्के, दोनला २०, तीनला ३३, चारला ५०, पाचला ६७, सहाला ८०, आठला ९४. दर वेळी फक्त दुप्पट केली, तरी टक्क्यांची वाट आधी हळूहळू, मध्ये झपाझप आणि शेवटी पुन्हा हळू चढली. पुस्तकात छापलेला तो इंग्रजी एस अक्षरासारखा वक्र तो हाच. म्हणूनच ‘एका तासानं पास होण्याची शक्यता किती टक्के वाढते?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. तिसऱ्या तासावरून चौथ्यावर जाणाऱ्याचे १७ टक्के वाढतात. सातव्यावरून आठव्यावर जाणाऱ्याचे पाचच. आधी कुठे उभे आहात ते सांगावं लागतं.

संगणकाला लॉगरिदम सोयीचा, कारण त्यात गुणाकाराची बेरीज होते. आर या प्रणालीत लिहायचं ते एवढंच:

```
m <- glm(pass ~ hours, family = binomial)
exp(coef(m))
```

वरच्या उदाहरणात `coef(m)`मध्ये तासांसमोर ०.६९३, म्हणजे २चा लॉगरिदम, येईल. तो तसाच वाचू नका. `exp` लावला की २ मिळतात, आणि हेच ऑड्स रेशो, म्हणजे ऑड्स किती पट झाले तो आकडा. बरोबर १ आला तर फरक नाही, १च्या खाली आला तर ऑड्स घटतात.

आता जिथे भलेभले घसरतात ती जागा. दोनशे विद्यार्थी घ्या. क्लास लावलेल्या शंभरांपैकी ९० पास, न लावलेल्या शंभरांपैकी ७५ पास. पहिल्या गटात ऑड्स नव्वदास दहा, म्हणजे ९. दुसऱ्यात पंचाहत्तरास पंचवीस, म्हणजे ३. ऑड्स रेशो ३. लगेच जाहिरात लागते, ‘क्लास लावा, पास होण्याची शक्यता तिप्पट!’ अहो, ७५ची तिप्पट २२५ होते. शक्यता वाढली ती ७५वरून ९०वर, म्हणजे सव्वापटसुद्धा नाही. पास होणारे थोडे असतात, शंभरात तीनचार, तेव्हा ऑड्स आणि संभाव्यता जवळपास सारख्याच असतात आणि ही चूक खपून जाते. आपल्या परीक्षांत बहुतेक जण पास होतात, तिथे ती खपत नाही. मला या चुकीचा राग येतो, कारण त्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी फी भरतं.

आणि तो तीन तरी क्लासचा आहे का? क्लासला जाणारी मुलं घरीही जास्त वेळ बसत असतील. म्हणून सूत्रात दोन्ही घालायचं, `pass ~ hours + class`. समजा आता क्लाससमोरचा ऑड्स रेशो १.५वर उतरला, आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे आपल्या माहितीशी जुळणाऱ्या आकड्यांचा पट्टा, ०.६५ ते ३.५ आला. वाचायचं असं: अभ्यासाचे तास सारखेच असलेल्या दोन मुलांची तुलना केली, तर क्लासवाल्याचे ऑड्स अंदाजे दीडपट, पण अंतरालात १ बसतो, त्यामुळे एवढ्या दोनशे जणांवरून क्लासचा उपयोग झाला असं म्हणता येत नाही, आणि झाला नाही असंही म्हणता येत नाही. शिवाय क्लास कुणी लावला हे घरच्या ऐपतीवरही ठरतं, आणि तो रकाना आपल्या तक्त्यात नाहीच.